सोलर छतावर बसवायचं की नाही: बारा बिलं आणि एका कोटेशनचा हिशोब

सुरुवातीलाच एक सांगतो, इथे रक्कम पैशात लिहिलेली नाही. दर प्रत्येकाचा वेगळा, कोटेशन वेगळं, माझे आकडे जसेच्या तसे उचलून कुणी निर्णय घेतला तर फसेल. म्हणून सगळं 'भागां'त मोजलंय. बिलात पहिल्या टप्प्यातल्या एका युनिटचा जो दर आहे तो 1 भाग. तुमचा तो दर बिलावर बघा आणि माझ्या आकड्यांना त्याने गुणा, म्हणजे तुमच्या पैशात येईल.

माझे टप्पे असे: पहिली 100 युनिट 1 भागाने, 101 ते 300 पर्यंत 2 भागांनी, 300 च्या वर 3 भागांनी. शिवाय दर महिन्याला स्थिर आकार 50 भाग, तो वीज वापरा नाहीतर नका वापरू, लागतोच.

2 डिसेंबर

कोटेशन आलं. 3 किलोवॅट, 500 वॅटची 6 पॅनल, पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा एक स्ट्रिंग इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, मीटरच्या अर्जाचं काम सगळं धरून 34,000 भाग. सोबत एका पानाचा हिशोब होता, रोज किलोवॅटला 4 युनिट म्हणजे वर्षाला 4,380 युनिट, तुमचं युनिट सरासरी 1.94 ला पडतं, म्हणजे वर्षाला जवळपास 8,500 वाचणार, चार वर्षांत पैसे वसूल.

मी खूश झालो आणि आगाऊ रक्कम द्यायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "आधी आपलं वर्षाचं बिल किती येतं ते तरी बघ." बघितलं तर बारा महिन्यांचं मिळून 7,010. म्हणजे भरतो त्यापेक्षा जास्त वाचणार असं त्या पानावर लिहिलेलं! ही तपासणी दोन मिनिटांची आहे, कुठलंही कोटेशन हातात आलं की पहिल्यांदा हीच करा. वर्षाची बचत वर्षाच्या बिलापेक्षा जास्त दाखवली असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी कुठे चुकलंय ते विचारा.

5 डिसेंबर

बारा बिलं काढून शीटमध्ये भरली. एक अख्खी संध्याकाळ वाया गेली कारण मी 'भरायची रक्कम' घेत होतो. त्या रकमेत मागची थकबाकी, एकदा उशिरा भरल्याचा दंड, एकदा जास्त भरलेल्याची वजावट असं सगळं मिसळलेलं होतं. सोलरच्या हिशोबाला ती रक्कम उपयोगाची नाही, फक्त युनिट घ्या आणि बिल स्वतः परत काढा.

दुसरी अडचण फेब्रुवारीत आली. त्या महिन्यात रीडिंग घेतलंच नव्हतं, सरासरीने 180 टाकलेले आणि मार्चमध्ये उरलेलं सगळं चढवून 340. तसंच ठेवलं असतं तर मार्चमध्ये उगाच 40 युनिट महागड्या टप्प्यात गेली असती. दोन्हींची बेरीज 520, ती आदल्या वर्षीच्या याच दोन महिन्यांच्या प्रमाणात वाटली, 220 आणि 300.

जानेवारी 210, फेब्रुवारी 220, मार्च 300, एप्रिल 420, मे 450, जून 380, जुलै 300, ऑगस्ट 290, सप्टेंबर 300, ऑक्टोबर 320, नोव्हेंबर 230, डिसेंबर 200. एकूण 3,620.

महिन्याचं बिल काढायचं सूत्र हे, B2 मध्ये युनिट:

```
=MIN(B2,100)*1+MAX(0,MIN(B2,300)-100)*2+MAX(0,B2-300)*3
```

वर्षाचं आलं 6,410, स्थिर आकाराचे 600 वेगळे, मिळून 7,010. म्हणजे कोटेशनमधला 1.94 हा सरासरी दर स्थिर आकार धरून काढलेला होता, आणि स्थिर आकार तर सोलर बसवल्यावरही जात नाही. माझ्याकडे जास्तीत जास्त वाचू शकतात ते 6,410.

9 डिसेंबर

आता पॅनल खरंच किती युनिट देतील. PVGIS नावाचं मोफत ऑनलाइन साधन आहे, नकाशावर आपलं छत निवडायचं, किलोवॅट, उतार आणि दिशा टाकायची, महिन्यावार युनिट मिळतात. लॉस, म्हणजे वाटेत वाया जाणारी वीज, 14 टक्के आधीच भरलेला असतो, तो मी तसाच ठेवला.

3 किलोवॅटला वर्षाला 3,600 आलं. मला वाटलं कोटेशनवाल्याने भलताच फुगवलाय आकडा, फोन करून त्याला बोललोही. रात्री महिन्यावार आकडे परत बघताना खटकलं, थंडीचे महिने फारच खाली आणि उन्हाळा वर, दोन्हीतली दरी नको तेवढी मोठी. चूक माझीच होती. कंपासप्रमाणे दक्षिण म्हणजे 180, म्हणून मी दिशेच्या रकान्यात 180 टाकलं. PVGIS मध्ये दक्षिण म्हणजे 0, पूर्व -90, पश्चिम 90, म्हणजे मी पॅनल उत्तरेकडे तोंड करून बसवले होते. PVWatts नावाचं दुसरं साधन आहे तिथे मात्र दक्षिण 180 च असते, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. दुरुस्त केल्यावर 4,200 आलं. दुसऱ्या दिवशी कोटेशनवाल्याला फोन करून माफी मागितली, 4,380 आणि 4,200 मध्ये फार अंतर नाही, त्याचा हा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक होता.

21 डिसेंबर

PVGIS डोंगर-टेकड्यांची सावली धरतं पण आपल्या गच्चीवरची टाकी त्याला माहीत नसते. वर्षातला सगळ्यात लहान दिवस आजच्या आसपास, सूर्य सगळ्यात खाली, सावली सगळ्यात लांब, म्हणून हाच दिवस निवडला. सकाळी 9 पासून दर तासाला गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारली आणि तास लिहिला. कोटेशनमधल्या आराखड्याप्रमाणे पॅनलच्या जागाही खडूनेच आखल्या.

दुपारी अडीचनंतर टाकीची सावली दोन पॅनलवर येते आणि शेवटपर्यंत हलत नाही. सगळी पॅनल एका माळेत जोडलेली असतात तेव्हा एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या पॅनलचा मोठा हिस्सा बंद पडतो, नुसतं सावलीच्या आकाराएवढं नुकसान धरून चालत नाही. उन्हाळ्यात ही सावली आखूड होईल म्हणून वर्षभराचं मिळून 300 युनिट कमी धरली. 4,200 चे 3,900 झाले. सहा पॅनलना याहून चांगली जागा माझ्या गच्चीवर नाही.

27 डिसेंबर

अजूनही मी समजत होतो की 3,900 युनिट तयार होणार, आपला वापर 3,620, म्हणजे बिल जवळजवळ संपलंच. मीटरच्या अर्जासोबतचे नियम आज नीट वाचले आणि इथेच सगळा हिशोब फिरला.

दोन पद्धती असतात. एकात दिवसा बाहेर पाठवलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटमधून सरळ वजा होतं, युनिटला युनिट. दुसरीत बाहेर पाठवलेल्या युनिटला ठरलेला कमी दर मिळतो आणि रात्री घेतलेलं पूर्ण दराने लागतं. मला दुसरी लागू आहे, बाहेर गेलेल्या युनिटला 0.6 भाग. पहिली असती तर वर्षाचे 6,410 जवळपास सगळे वाचले असते आणि 34,000 साधारण 5.3 वर्षांत फिटले असते. तुम्हाला कुठली लागू होते ते कोटेशनवाल्याच्या तोंडून ऐकू नका, कागद स्वतः वाचा. मी महिनाभर बाकीच्या आकड्यांवर घालवला आणि हा कागद सगळ्यात शेवटी उघडला, तो पहिल्या दिवशी उघडायला हवा होता.

मग प्रश्न उरतो तो एकच, उन्हाच्या वेळात घरात किती युनिट वापरली जातात. बिलावर हे कुठेच नसतं.

28 डिसेंबर ते 11 जानेवारी

दोन आठवडे सकाळी 9 आणि संध्याकाळी 5 ला मीटरचा फोटो काढला. फोटोवर वेळ येते त्यामुळे लिहून ठेवायची कटकट नाही. चार दिवस सकाळचं रीडिंग चुकलं, ते दिवस सोडून दिले.

दिवसाचा वापर आला 38 टक्के. पण तो सगळाच्या सगळा सोलरवर भागत नाही, हे दोन सुट्ट्यांच्या दिवशी तासातासाला रीडिंग घेतल्यावर कळलं. गिझर आणि इस्त्री एकदम चालू असतात तेव्हा ओढ सोलरच्या वर जाते, ती वरची ओढ बाहेरूनच येणार. ढग आला की तेच. आणि 9 ला नाहीतर साडेचारला ऊन असतं पण पॅनल तेव्हा पूर्ण जोरात नसतात. म्हणून 38 टक्के सोडून एक-तृतीयांश धरलं, वर्षाला साधारण 1,208 युनिट थेट घरात. उरलेली 2,692 युनिट 0.6 ने बाहेर.

13 जानेवारी

थेट वापरलेली युनिट बिलातून कुठून कमी होतात हे समजायला मला वेळ लागला. ती वरून कमी होतात, महागड्या टप्प्याकडून. मे महिना घ्या. 450 युनिटचं बिल 950. त्यातली 150 सोलरने भागवली तर उरली 300, त्यांचं बिल 500. म्हणजे 150 युनिटनी 450 वाचवले, प्रत्येक युनिट 3 चं. जानेवारीत 210 मधली 70 गेली तर 140 वाचतात, प्रत्येक युनिट 2 चं. सूत्र तेच, फक्त B2 च्या जागी उरलेली युनिट टाकून दोन्ही बिलांतला फरक घ्यायचा.

वर्षाचा फरक आला 2,786. म्हणजे घरात वापरलेलं सोलरचं युनिट सरासरी 2.31 ला पडतं आणि बाहेर गेलेलं 0.6 ला. कोटेशनमधला 1.94 यातल्या कुठल्याच युनिटचा खरा भाव नाही.

2,786 अधिक बाहेरचे 1,615, मिळून 4,401. 34,000 भागिले 4,401 केलं की 7.7 वर्षं. चारच्या जागी पावणेआठ.

दोन दिवस विषय सोडून दिला. मन उतरलं होतं, खरं सांगायचं तर.

17 जानेवारी

शेजारच्या काकांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे सोलर आहे, दोन वर्षं झाली. "अरे, जे बाहेरच पाठवायचंय ते बनवतोस कशाला?"

बरोबर होतं. 3,900 मधली 2,692 युनिट सगळ्यात स्वस्त भावाने जाणार, आणि त्यांच्यासाठी मी पॅनल विकत घेतोय. त्याच कोटेशनवाल्याला 2 किलोवॅटचा भाव विचारला. त्याने 25,000 सांगितला. दोन-तृतीयांश म्हणजे साडेबावीस हजारांच्या आसपास यायला हवा असं मला वाटत होतं, मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला इन्व्हर्टर थोडा लहान होईल पण वायरिंग, अर्थिंग, मजुरी, अर्ज यांना पॅनल 4 आहेत की 6 याने काही फरक पडत नाही. हे पटलं.

पण एक फायदा झाला जो मी धरलेलाच नव्हता. 4 पॅनल टाकीच्या सावलीतून पूर्ण सुटतात. त्यामुळे 4,200 चे सरळ दोन-तृतीयांश, 2,800 युनिट मिळतील. घरात थेट लागणारी युनिट मात्र फार कमी होत नाहीत, कारण दुपारची आमची नेहमीची ओढ एक किलोवॅटच्या आतच असते. तासातासाच्या रीडिंगवरून 1,050 धरली. त्यांचे 2,440, बाहेरच्या 1,750 युनिटचे 1,050, मिळून 3,490. म्हणजे 7.2 वर्षं.

उलट करून बघितलं तर जास्त स्पष्ट होतं. तिसऱ्या किलोवॅटला वेगळे 9,000 लागतात आणि तो वर्षाला 911 आणतो, स्वतःचे पैसे फेडायला त्याला जवळपास दहा वर्षं लागतील. युनिटला युनिट मिळणाऱ्यांसाठी हे असं होणार नाही, त्यांना वापराएवढं मोठं बसवणंच बरं पडतं.

22 जानेवारी

कपड्यांचं मशीन, पाण्याचा पंप आणि गिझर दुपारी चालवायचं ठरवलं, आठवडाभर करून बघितलं. गिझर 2 किलोवॅटचा, त्यामुळे तो चालू असताना बाकी काही लावायचं नाही, 11 ते 2 मध्ये एकेक करून. पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं, सकाळच्या आंघोळीला मात्र राहत नाही, तेव्हा सकाळचा गिझर तसाच सुरू ठेवावा लागला. महिन्याला 25 युनिट सरकतील असं दिसलं. सरकलेल्या युनिटला 0.6 मिळणार होते त्याऐवजी 2 वाचतात, म्हणजे 1.4 चा फायदा. वर्षाला 300 युनिटचे 420.

24 जानेवारी

आता हिशोबातले कच्चे दुवे. माझं रीडिंग थंडीतलं आहे. एप्रिल ते जून आमचा एसी रात्री चालतो, त्यामुळे त्या तीन महिन्यांत दिवसाचा हिस्सा एक-तृतीयांश न राहता पाव होऊ शकतो. महाग टप्पाही नेमका त्याच महिन्यांत असतो म्हणून हे लागतं. शीटमध्ये बदलून बघितलं, वर्षाला 200 कमी होतात. मी कमीच धरले.

इन्व्हर्टर पॅनलएवढा टिकत नाही. 12 वर्षांनी बदलावा लागेल असं धरलं, 2 किलोवॅटच्या इन्व्हर्टरचे 3,000, म्हणजे वर्षाला 250 बाजूला.

पॅनलचं उत्पादन वर्षाला साधारण अर्धा टक्का घटतं, पैसे फिटण्याच्या काळात त्याचा फरक एक-दोन महिन्यांचा, तो वेगळा नाही धरला.

3,490 अधिक 420, वजा 200, वजा 250. वर्षाला 3,460 आणि 7.2 वर्षं. सगळी भर आणि कपात करून फिरून तिथेच आलं. 3 किलोवॅटला हेच सगळं लावलं तर बरोबर 8 वर्षं येतात, कारण त्याचा इन्व्हर्टर मोठा, वर्षाला 375 बाजूला ठेवावे लागतात.

30 जानेवारी

पैसे बँकेतल्या ठेवीतून काढायचे आहेत, त्यामुळे नुसती वर्षं बघून भागणार नाही, ठेवीचं व्याज बुडणार. 20 वर्षं धरून परतावा काढला:

```
=RATE(20,3460,-25000)
```

साडेबारा टक्क्यांच्या आसपास आला, पॅनलची घट धरली तर बाराच्या जवळ. ठेवीपेक्षा बरा आहे, पण ठेव मोडली तर मुद्दल परत मिळतं आणि इथे वीस वर्षांनी हातात जुनी पॅनल राहणार, हे RATE मध्ये धरलेलं आहे म्हणूनच तुलना करता येते. कर्ज काढून करणार असाल तर तुमच्या कर्जाचा दर याच आकड्याशी ताडून बघा. कर्ज बाराच्या वर असेल तर माझ्यासारख्या बिलाला ते परवडणार नाही.

6 फेब्रुवारी

2 किलोवॅट नक्की केलं. गच्चीत जिने संपतात तिथे एक जुनी भेग आहे, पावसात झिरपते. स्ट्रक्चरचे पाय नेमके तिथेच येणार होते. एकदा पॅनल बसले की त्यांच्या खालची दुरुस्ती करायला सगळं उतरवून परत चढवावं लागतं, त्याची मजुरी वेगळी. म्हणून आधी भेग भरून घेतोय, त्यात दोन आठवडे गेले तरी चालतील. हा खर्च सोलरच्या हिशोबात धरला नाही, गच्ची तशीही दुरुस्त करायचीच होती.

कोटेशनवाल्याकडून दोन गोष्टी लेखी घेतल्या, पॅनलची जागा आराखड्यावर टाकीपासूनच्या अंतरासह, आणि बाहेर जाणारी युनिट वेगळी दाखवणारा मीटर. त्या मीटरवरची बाहेर गेलेली युनिट महिन्याला 145 च्या आसपास राहतात का ते मी बघणार आहे. पहिल्या तीन महिन्यांत आकडा 180 च्या वर दिसला तर घरात थेट 1,050 युनिट लागतील हा माझा अंदाज चुकला असं समजायचं, आणि तेव्हा शीट परत उघडून इथेच नोंद टाकतो.